वजन उतरलं, पण गालफडं बसली: आधी रिकामं काय आणि सैल काय ते ओळखा

प्रश्न: माझं वय ४७. १३ महिन्यांत वजन ८८ वरून ६१ किलोवर आणलं. आधी आहार आणि रोज रंकाळ्याला फेऱ्या, नंतरचे सात महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याचं इंजेक्शन. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले. पण जो भेटेल तो विचारतो, 'आजारी होतीस का गं?' गालफडं बसलीत, डोळ्यांखाली खड्डे पडलेत, जबड्याच्या कडेला कातडी लोंबते. फेब्रुवारीत मुलाचं लग्न आहे. पार्लरमध्ये हायफूचं पॅकेज सांगतात, मैत्रीण फिलर कर म्हणते, बहीण म्हणते पाच किलो वाढव. हे आपोआप भरून येईल का? नक्की काय करू?

उत्तर:

ताई, आज रात्री घरी एक करून बघा. दिव्याकडे तोंड करून ताठ बसा आणि हातातल्या आरशात चेहरा नीट पाहा. मग पलंगावर उताण्या झोपा, तोच आरसा चेहऱ्याच्या वर धरा आणि पुन्हा पाहा. झोपल्यावर जबड्याच्या कडेची पिशवी आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी बरीचशी नाहीशी झाली, तर तो भाग सैल पडलेला आहे. जे खड्डे झोपल्यावरही तसेच राहतील, म्हणजे कानशिलं, गालाचा मधला भाग, डोळ्यांखालची खाच, तो भाग रिकामा झालेला आहे. उशीतला कापूस कमी झाला की खोळही ढिली दिसते. काही ठिकाणी कापूस परत भरायचा असतो आणि काही ठिकाणी खोळच आवळून शिवावी लागते. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक सल्ल्याला हा एकच प्रश्न लावा: हा उपाय भरण्याचा आहे की आवळण्याचा? निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

चेहऱ्यातली चरबी एकसंध नसते. ती लहान लहान कप्प्यांत असते. काही कप्पे कातडीखाली वरवर असतात, तर काही खोल, हाडाला लागून. वजन भराभर उतरलं की हे कप्पे आक्रसतात. वरची कातडी मात्र पूर्वीच्या मापाचीच राहते, कारण चाळिशीनंतर तिचा ताण पंचविशीसारखा परत येत नाही. त्यातच कातडीला हाडाशी बांधून ठेवणारे काही घट्ट पट्टे असतात. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना असा एकेक पट्टा आहे. गालावरून घसरलेली कातडी तिथे अडते, म्हणून नेमकी त्याच्यामागे पिशवी तयार होते. 'ओझेम्पिक फेस' हे नाव हल्ली सगळीकडे ऐकू येतं. इंजेक्शन चेहऱ्याची चरबी वेगळी वेचून खातं, असा लोकांचा समज झालाय. तसं नाही. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन असो, टिर्झेपटाइडचं असो, शस्त्रक्रिया असो की नुसता आहार, थोड्या काळात २५ ते ३० किलो गेले की चेहरा असाच दिसतो. त्यामुळे घाबरून इंजेक्शन मनाने बंद करू नका. पण ते देणाऱ्या डॉक्टरांना एक जरूर विचारा: 'मला आता आणखी उतरवायचंय की इथेच थांबवायचंय?' तुमचं वजन अजून दरमहा खाली येत असेल, तर चेहऱ्यावर पैसे घालण्याआधी ते एका जागी थांबलं पाहिजे.

आपोआप किती भरून येईल, याचं खरं उत्तर 'थोडंसं' असं आहे. वजन तीन ते सहा महिने स्थिर राहिलं, जेवण पोटभर आणि वेळेवर झालं, की ओढलेपण कमी होतं. ही सुधारणा मी दर वर्षी पाहते, म्हणूनच कुणी घाईने आलं तरी मी सुई हातात घेत नाही. गेलेली चरबी मात्र जिथल्या तिथे परत येत नाही. बहिणीचा पाच किलोंचा सल्ला मायेचा आहे, पण ते पाच किलो गालावरच जातील याची खात्री कोण देणार? ते पोटावरही जातील आणि साखर पुन्हा वर सरकेल. चेहऱ्यासाठी वजन वाढवू नका.

आता 'आजारी होतीस का' या प्रश्नाबद्दल. लोकांना आजारपण दिसतं ते फक्त खड्ड्यांमुळे नाही. फिकटपणा, कोरडी कातडी आणि विरळ केस हे तीन एकत्र आले की माणूस आजारी वाटतो, आणि या तिन्हींवर फारसे पैसे न घालवता बरंच करता येतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड एवढं तपासून घ्या. भूक कमी झालेल्या बायकांमध्ये लोह आणि प्रथिनं हमखास कमी पडतात. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ७० ग्रॅम प्रथिनं लागतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपल्याकडे रविवारी मटण होतं, आणि 'पांढरा रस्सा दोन वाट्या प्याले' असं सांगतात. ताई, रस्सा पिऊन ताकद येते हे खरं वाटतं, पण प्रथिनं फोडींत असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीस किंवा थोडी जास्त. हा हिशेब एक आठवडा वहीत मांडा. बहुतेकींचा आकडा चाळिशीतच अडकलेला निघतो. केस गळत असतील तर ते बहुधा वजन झपाट्याने उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारं गळणं असतं. खाणं सुधारलं की काही महिन्यांत ते थांबतं.

पार्लरच्या हायफूबद्दल मी स्पष्ट लिहिते, कारण तुमच्यासारख्या चेहऱ्याचं नुकसान मी इथेच जास्त पाहिलंय. हायफू म्हणजे ध्वनिलहरींनी कातडीखाली दीड, तीन आणि साडेचार मिलिमीटर खोलीवर बारीक बारीक ठिपके तापवणं. भरलेल्या, थोड्याशाच सैल चेहऱ्यावर त्याने काहीसा ताण येतो. पण तुमच्या गालात त्या खोलीवर मुळात चरबीच कमी उरली आहे, आणि उष्णतेने तीही आक्रसू शकते. दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांनी बाहेर एका ठिकाणी हायफूची तीन सत्रं केली होती. जबडा किंचित आवळला होता, पण गालाच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना वाटी ठेवावी तसा खोलगट भाग झाला होता. त्यांच्या आधीच्या फोटोत तो नव्हता. हे उलटं फिरवता येत नाही, नंतर भरावंच लागतं. आधीच रिकामा असलेला चेहरा आवळायला जाऊ नका. दोऱ्यांनी ओढून घेण्याचंही तसंच आहे. पातळ कातडीखाली दोरा दिसतो, कधी खळी पडते, आणि २७ किलो उतरल्यावर उरलेली कातडी त्या दोऱ्याने फार काळ तोलली जात नाही.

मग फिलर, म्हणजे सुईने कातडीखाली भरायचं जेल. ते कसं वागतं ते एका पेशंटच्या उदाहरणावरून सांगते. गडहिंग्लजकडच्या एक शिक्षिका, वय ५२, १६ महिन्यांत ९२ वरून ६४ किलो. तक्रार तुमचीच. मी त्यांना झोपवून आरसा दिला. जबड्याची पिशवी निम्मी झाली, कानशिलं आणि गाल मात्र तसेच खोल राहिले. तपासताना दिसलं की उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त आत आहे. तोंड उघडायला सांगितलं तर उजवीकडच्या वरच्या तीन दाढा नव्हत्या. पूर्वी वर्षानुवर्षं मिश्री लावायच्या. गालाला आतून दाढांचा टेकू असतो. तो गेला की बाहेरून कितीही भरलं तरी दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. म्हणून पहिली चिठ्ठी दातांच्या डॉक्टरांकडे दिली. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, त्यासाठी तीन महिने लोहाच्या गोळ्या. तेवढ्या काळात वजन ६४ वर टिकलं. चौथ्या महिन्यात त्या आल्या तेव्हा डोळ्यांखालचा काळपटपणा निम्मा उतरला होता, आणि शाळेतल्या बाईंनी 'बरी दिसतेस आता' म्हटलं होतं. अजून एकही सुई लावलेली नव्हती.

त्यानंतर हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर घेतलं. पहिल्या दिवशी दोन्ही गालांच्या हाडावर, खोल, प्रत्येक बाजूला एक मिलिलिटर. एक मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. ऐकायला अगदीच थोडं वाटतं, पण योग्य जागी पडलं की गालाचा मधला भाग उचलून धरला जातो आणि नाकाच्या बाजूची घडी आपोआप हलकी होते. घडीत थेट भरायची गरज बऱ्याचदा उरत नाही. तीन आठवड्यांनी सूज पूर्ण उतरल्यावर कानशिलांना प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. डोळ्यांखाली भरा म्हणून त्या आग्रह करत होत्या. मी शेवटपर्यंत थांबवलं, कारण तिथली कातडी कागदासारखी पातळ असते. जास्त पडलं तर फुगवटा येतो आणि निळसर झाक दिसते. गाल उभा राहिल्यावर ती खाच एवढी उथळ झाली की तिथे हात लावावाच लागला नाही. हे फिलर साधारण नऊ महिने ते दीड वर्ष टिकतं. एका मिलिलिटरच्या सिरिंजला कंपनीप्रमाणे साधारण १५,००० ते ३०,००० रुपये पडतात. खर्च एकदाचा नाही, पुन्हा पुन्हा येणारा आहे, हे धरूनच ठरवा.

त्यांच्या जबड्याची पिशवी राहिली. तीन सिरिंजनंतर त्यांनी विचारलं, 'आणखी दोन घातल्या तर ही वर जाईल का?' नाही जाणार. फिलर भरतं, कातडी कापून कमी करत नाही. लोंबणारी कातडी ताणायला भरत गेलं की चेहरा फुगलेला, ओळखू न येणारा होतो. असे चेहरे तुम्हीही पाहिले असतील. उरलेल्या कातडीवर खरा उपाय एकच, फेसलिफ्टची शस्त्रक्रिया. प्लास्टिक सर्जन कानाच्या पुढून मागे वळणारा छेद घेतात, आतला थर वर बांधतात आणि जादा कातडी काढतात. बऱ्याचदा पोटाची चरबी काढून तीच गालात भरतात. भरलेल्या चरबीतली काही जिरते, उरलेली टिकते, पण वजन हललं की तीही हलते. म्हणून वजन सहा महिने स्थिर हवं. तुमच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल आधीच सांगावं लागतं, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं. सूज आणि काळंनिळं उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, गालाचा बधिरपणा त्याहून बराच जास्त काळ राहतो. तुमच्या बाबतीत फेब्रुवारीच्या आधी मी हे सुचवणार नाही. शिक्षिकाबाईंनी विचार करून शस्त्रक्रिया नको म्हटलं आणि जबड्यासकट त्या समाधानी आहेत. हा निर्णय पूर्णपणे ज्याचा त्याचा असतो.

फिलरचा धोका थोडक्यात, पण नीट वाचा. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली किंवा फिलरचा तिच्यावर दाब आला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. टोचताना किंवा नंतरच्या काही तासांत वाढत जाणारी वेदना, कातडी पांढरीफटक पडणं, मग जाळीसारखी जांभळट नक्षी उमटणं, ही लक्षणं सूज समजून उद्यावर टाकायची नाहीत. नजर धूसर झाली तर एक मिनिटही नाही. हे क्वचित होतं, पण झालं तर हायल्युरोनिडेज नावाचं औषध ताबडतोब टोचून फिलर विरघळवावं लागतं. म्हणून फिलर करणाऱ्याला समोरासमोर विचारा, 'हायल्युरोनिडेज आत्ता तुमच्याकडे आहे का?' उत्तर 'मागवता येईल' असं आलं तर उठून या. सील न फोडलेला खोका तुमच्यासमोर उघडायला लावा आणि बॅच नंबरचं स्टिकर मागून घ्या. सुई फक्त त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच्या हातात असावी. पार्लरमध्ये कितीही ओळख असली तरी नाही, आणि सुईविना दाबाने फिलर मारणाऱ्या पेनाने तर मुळीच नाही. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडसारखी, शरीराला स्वतःचं कोलॅजन तयार करायला लावणारी इंजेक्शनंही आहेत. रिकाम्या चेहऱ्याला ती छान उपयोगी पडतात, पण परिणाम महिन्यांनी दिसतो आणि बिघडलं तर ती विरघळवता येत नाहीत. पहिल्यांदा करताना मी विरघळणारंच निवडते.

लग्नापर्यंत रोज करायचं काम मात्र आजपासून सुरू होईल. सकाळी दोन बोटं भरून सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, स्कूटरवर स्कार्फ असला तरीही. रात्री वाटाण्याएवढं ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, आधी आठवड्यातून दोनदाच, वर साधं मॉइश्चरायझर. सुरुवातीचे काही आठवडे कातडी सोलते, लाल होते, म्हणून हे आत्ता ऑक्टोबरात सुरू करायचं, जानेवारीत नाही. ते चालू असताना वरच्या ओठाला किंवा गालाला वॅक्स लावू नका, कातडीचा थर निघून येतो. ब्लीचही नको.

आणि आता सजणं. खरं सांगायचं तर लग्नाच्या फोटोत सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. तुम्ही वर्षानुवर्षं जसं नटत आलात ते भरलेल्या चेहऱ्यासाठी होतं. त्या शिक्षिकाबाई तेल लावून, चप्प विंचरून घट्ट अंबाडा घालायच्या. माझ्या दवाखान्यातल्या आरशासमोर मी त्यांना फक्त पिन काढायला लावल्या. मधला भांग थोडा बाजूला घेतला, कानांवरचे केस बोटभर सैल सोडले आणि अंबाडा मानेपाशी खाली आणला. कानशिलाचा खड्डा केसांच्या सावलीत गेला आणि चेहऱ्याला रुंदी आली. केस वर फुगवू नका, त्याने चेहरा आणखी लांबट दिसतो. फुगवटा हवा तो कानाच्या रेषेत. कापणार असाल तर खांद्यापर्यंत, आणि पहिला थर गालाच्या हाडापासून सुरू करायला सांगा. गजरा अंबाड्याभोवती रुंद बसवा, म्हणजे तो समोरूनही दिसतो.

वजन उतरलं की कानाच्या पाळ्याही पातळ होतात. मोठे झुमके पाळी ओढतात, भोक लांबतं आणि बघणाऱ्याची नजर सरळ जबड्याच्या पिशवीवर जाते. मोत्याच्या कुड्या घाला. झुमकेच हवे असतील तर कानाचे वेल जोडा. वजन केसांवर विभागलं जातं आणि नजर तिरकी वर जाते. गळ्यात नुसता लांब साज असेल तर नजर खाली ओढली जाते आणि मानेच्या शिरा उघड्या पडतात. गुजरीत ठुशी घ्यायला जाल तेव्हा गळ्याला लावून बघा, जुनी ठुशी आता सैल होऊन हाडांवर लोंबत असेल तर दोरा आवळून घ्या. ती मानेच्या मुळाशी नीट बसली की गळ्याची हाडं झाकली जातात. साज तिच्याखाली घाला. ब्लाऊजचा गळा खोल ठेवू नका, आणि चष्मा असेल तर त्याचीही फ्रेम बदला. जुनी फ्रेम आता चेहऱ्याला रुंद होऊन नाकावर घसरते. खालची कड नेमकी डोळ्यांखालच्या खाचेवर येईल अशी फ्रेम निवडली, तर ती खाच बरीच लपते.

मेकअपवालीला तीन गोष्टी आधीच सांगा. गालाखाली गडद रंगाने कोरायचं नाही, तुमच्या गालात खाच आधीच आहे. पावडर अगदी कमी, क्रीमचा ब्लश हाडाच्या उंच भागावर, खड्ड्यात नाही. कन्सीलर डोळ्यांखाली सगळीकडे थापायचा नाही, फक्त सावलीच्या रेघेत पीच रंगाचा पातळ हात. फुगीर भागावर फिकट रंग लावला की तो आणखी पुढे येतो. चमचमणारा हायलायटर सुरकुतलेल्या जागी नको, प्रत्येक रेघ उठून दिसते. फोटोग्राफरला सांगा की डोक्यावरचा एकच प्रखर दिवा नको, समोरून तोंडाच्या उंचीवर मऊ उजेड हवा. वरून पडलेला उजेड कुणाच्याही डोळ्यांखाली खड्डे पाडतो. आणि सेल्फीवरून स्वतःला जोखू नका, हातभर अंतरावरून नाक मोठं आणि गाल अरुंद दिसतात. दुसऱ्या कुणालातरी पाच फुटांवरून फोटो काढायला सांगा.

तारखा अशा धरा. या महिन्यात रक्त तपासणी, दातांची तपासणी आणि इंजेक्शनच्या डॉक्टरांशी बोलणं. आजचा एक फोटो खिडकीच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी. डिसेंबरच्या शेवटी वजन आणि फोटो दोन्ही घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, सोबत दहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटोही न्या, म्हणजे मूळचा गाल कुठे भरलेला होता ते कळतं. तोवर वजन थांबलेलं असेल आणि फिलर करायचंच ठरलं, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करा. काळंनिळं उतरायला दोन आठवडे आणि गरज पडली तर किरकोळ सुधारणेला वेळ उरतो. फिलरच्या आधी-नंतर दोन आठवडे दातांचं काम ठेवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता आधी सांगा. जानेवारीतही वजन उतरतच असेल, तर सुई लग्नानंतरसाठी ठेवा आणि केस, ठुशी, उजेड यांवर भर द्या.